नव्या नोकरीतली पगारी रजा: दरमहा किती जमते आणि गैरहजेरीनंतर किती उरते?

हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्ट्यातल्या एखाद्या कंपनीत नवा माणूस लागला की तीन-चार महिन्यांत एचआरकडे एक मेल हमखास जातो: "माझ्या रजा इतक्याच कशा?" त्या मेलमागे जे प्रश्न असतात, ते इथे घेतले आहेत. सगळीकडे एकच उदाहरण वापरलं आहे, म्हणजे आकड्यांचा धागा सुटणार नाही. नियम असे धरले आहेत: वर्षाला १८ पगारी रजा (पुढे पीएल), महिना संपल्यावर जमा, कॅज्युअलचं खातं वेगळं. तुमच्या कंपनीचा आकडा १५, २१ किंवा २४ असेल, तर फक्त तो बदला. रीत तीच राहते.

ऑफर लेटरमध्ये वर्षाला १८ पीएल लिहिलं आहे. मग पहिल्याच दिवशी खात्यात १८ का दिसत नाहीत?

कारण ती वर्षभर काम करून कमवायची रजा आहे. १८ ला १२ ने भागा, महिन्याला दीड दिवस येतो. जितके महिने तुम्ही पगारपत्रकावर असाल तितके दीड दिवस खात्यात पडत जातात. काही कंपन्या १ जानेवारीला किंवा १ एप्रिलला वर्षाची सगळी रजा आगाऊ दाखवतात, पण तिथेही मधेच नोकरी सोडली तर हिशोब महिन्यांवरच येतो आणि जास्त वापरलेली रजा शेवटच्या पगारातून वळती होते. म्हणून पोर्टलवर आकडा कसाही दिसो, मनात दरमहा दीड हेच धरून चला.

महिन्याच्या मधेच रुजू झालो तर त्या महिन्याचे दीड मिळतात का?

दोन पद्धती चालतात. पहिलीत १५ तारीख ही रेघ असते: १५ पर्यंत रुजू झालात तर पूर्ण महिना, नंतर झालात तर अर्धा किंवा काहीच नाही. दुसरीत दिवसांच्या प्रमाणात रजा मिळते. आपल्या उदाहरणात ही दुसरी पद्धत आहे.

आपला कर्मचारी सोमवारी, १६ जून २०२५ ला रुजू झाला. जूनचे ३० दिवस, त्यातले १६ ते ३० असे १५ दिवस तो पगारपत्रकावर होता. १.५ गुणिले १५ भागिले ३०, म्हणजे ०.७५. इथे शनिवार-रविवार वगळायचे नाहीत. पगार ज्या दिवसांचा मिळतो ते सगळे दिवस मोजायचे, आठवड्याची सुट्टीही त्यात आली. नवे लोक कामाचे ११ दिवस घेऊन ३० ने भागतात आणि मग उत्तर कमी येतं म्हणून घाबरतात. वर कॅलेंडरचे दिवस असतील तर खालीही कॅलेंडरचेच हवेत.

रजा महिन्याच्या पहिल्या तारखेला जमा होते की शेवटच्या? आणि त्याने एवढं काय बिघडतं?

वर्षअखेरीला काही बिघडत नाही, पहिल्या दोन-तीन महिन्यांत मात्र बरंच बिघडतं. महिनाअखेरीला जमा होत असेल तर १० जुलैला तुमच्या हातात फक्त जूनची रजा असते. जुलैचे दीड दिवस ३१ ला येणार, ते १० ला वापरता येत नाहीत. तेवढे दिवस बिनपगारी पडतात आणि ३१ ला रजा जमा झाली तरी ते आपोआप पगारी होत नाहीत.

म्हणून शिल्लक नेहमी महिन्यामागून महिना काढायची. सहा महिन्यांची एकूण जमा घेऊन त्यातून एकूण गैरहजेरी वजा केली तर उत्तर जवळजवळ नेहमीच चुकतं. बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच असतं.

बिनपगारी दिवस पडला तर पगार कापला जातोच. जमा होणारी रजाही कमी होते का?

बऱ्याच कंपन्यांत होते, पण अगदी थोडी. ज्या दिवसाचा पगार नाही त्या दिवसाची रजाही कमावली जात नाही, असा त्यामागचा विचार. ३० दिवसांच्या महिन्यात एका बिनपगारी दिवसाने १.५ भागिले ३०, म्हणजे ०.०५ रजा कमी जमते. वीस बिनपगारी दिवस झाले तर कुठे एक रजा बुडते. खरा फटका पगाराला बसतो.

याहून कडक नियमही आढळतात. महिन्यात ठरावीक दिवसांपेक्षा जास्त बिनपगारी झाले की त्या महिन्याची जमा शून्य, अशी अट पॉलिसीत असू शकते. ती वाचून घ्या, कारण तिथे फरक ०.०५ चा नसून पूर्ण दीड दिवसाचा असतो.

रुजू झाल्यापासून सहा महिन्यांचा हिशोब एकदा पूर्ण करून दाखवाल का?

१६ जूनला रुजू झालेल्या आपल्या कर्मचाऱ्याच्या गैरहजेऱ्या अशा: १० आणि ११ जुलैला ताप, २८ ऑगस्टला गणपतीसाठी एक दिवस जास्त, दिवाळीत २०, २३ आणि २४ ऑक्टोबर, आणि १० नोव्हेंबरला न कळवता गैरहजर. एकूण सात दिवस. कंपनीत रजा निदान अर्ध्या दिवसाची घ्यावी लागते, मात्र खात्यात दोन दशांश स्थळांपर्यंत आकडा ठेवतात.

जून संपला तेव्हा शिल्लक ०.७५.

जुलैत तापाचे दोन दिवस त्याने पोर्टलवर पीएल म्हणून टाकले. हातात ०.७५ होते, त्यातला अर्धा दिवसच वापरता येतो. म्हणजे ०.५ पीएल आणि १.५ बिनपगारी. खात्यात उरले ०.२५. महिनाअखेरीची जमा ३१ पैकी २९.५ दिवसांवर: १.५ गुणिले २९.५ भागिले ३१, म्हणजे १.४३. जुलैअखेर शिल्लक १.६८.

ऑगस्टमध्ये गणेश चतुर्थी बुधवारी, २७ तारखेला होती आणि ती कंपनीची सुट्टीच होती. २८ चा एक दिवस १.६८ मधून गेला, उरले ०.६८. बिनपगारी काही नाही, म्हणून जमा पूर्ण १.५. ऑगस्टअखेर २.१८.

सप्टेंबरमध्ये एकही दिवस चुकला नाही. ३.६८.

ऑक्टोबरमध्ये २१ ला लक्ष्मीपूजन आणि २२ ला पाडवा या कंपनीच्या सुट्ट्या. त्याने सोमवार २० तसेच गुरुवार २३ आणि शुक्रवार २४ अशा तीन रजा आधी मंजूर करून घेतल्या. ३.६८ मधून ३ गेले, ०.६८ उरले, वर १.५ जमा. ऑक्टोबरअखेर पुन्हा २.१८.

नोव्हेंबरमध्ये १० तारखेला, सोमवारी, तो आला नाही आणि अर्जही टाकला नाही. खात्यात २.१८ असूनही हा दिवस बिनपगारी धरला गेला, कारण अर्ज नसताना सिस्टीम खात्याला हात लावत नाही. जमा ३० पैकी २९ दिवसांवर, म्हणजे १.४५. नोव्हेंबरअखेर शिल्लक ३.६३.

| महिना | सुरुवातीला | वापरली | बिनपगारी | जमा | अखेरीला |
|---|---|---|---|---|---|
| जून | ० | ० | ० | ०.७५ | ०.७५ |
| जुलै | ०.७५ | ०.५ | १.५ | १.४३ | १.६८ |
| ऑगस्ट | १.६८ | १ | ० | १.५ | २.१८ |
| सप्टेंबर | २.१८ | ० | ० | १.५ | ३.६८ |
| ऑक्टोबर | ३.६८ | ३ | ० | १.५ | २.१८ |
| नोव्हेंबर | २.१८ | ० | १ | १.४५ | ३.६३ |

पडताळा घ्यायचा तर जमेच्या रकान्याची बेरीज करा: ८.१३. वापरलेल्या ४.५. वजाबाकी ३.६३. जुळलं.

मी सरळ सहा महिन्यांचे ९ घेतले, सात दिवस वजा केले, तर २ आले. पोर्टल ३.६३ दाखवतं. कंपनी चुकली का?

नाही, आणि यात आनंदून जाण्यासारखंही काही नाही. तुमच्या सात दिवसांपैकी अडीच दिवस रजेतून गेलेच नाहीत, ते पगारातून गेले. म्हणून २ मध्ये २.५ परत मिळवा, ४.५ होतात. आता जून अर्धाच होता त्याचे ०.७५ वजा करा, जुलैतल्या बिनपगारी दिवसांचे ०.०७ आणि नोव्हेंबरचे ०.०५ वजा करा. ३.६३.

चुकलेला दिवस एक तर रजेतून जातो, नाही तर पगारातून. दोन्हीकडून गेला असेल तर ती मात्र खरी चूक. ती ओळखायची सोपी खूण अशी: त्या महिन्याच्या सॅलरी स्लिपवर बिनपगारी दिवसांचा आकडा बघा आणि रजेच्या खात्यात वापरलेले दिवस बघा. दोन्हींची बेरीज तुमच्या प्रत्यक्ष गैरहजेरीएवढी यायला हवी. जुलैत ०.५ अधिक १.५ बरोबर २. बेरीज ३ येत असेल तर एक दिवस दोनदा कापला गेला आहे. बहुधा आधी बिनपगारी लागलेला दिवस नंतर पीएलमध्ये बदललेला असतो आणि पगाराचा भाग परत करायचा राहून गेलेला असतो.

स्लिपवरचे दिवस बघताना कंपनीचं हजेरीचं चक्र लक्षात ठेवा. पगार वेळेवर काढायचा म्हणून अनेक ठिकाणी २६ ते २५ अशी हजेरी धरतात. अशा कंपनीत २८ तारखेचा बिनपगारी दिवस या महिन्याच्या स्लिपवर दिसणारच नाही, तो पुढच्या महिन्यात उतरेल. रजेचं खातं मात्र कॅलेंडरच्या महिन्यावर चालू असू शकतं. दोन कागद वेगवेगळे महिने मोजत असतील तर दोन महिन्यांची बेरीज एकत्र करून ताडून पाहा.

जुलैच्या तापाला कॅज्युअल का लावली नाही?

लावायला हवी होती. दीड दिवसाचा पगार निव्वळ अर्जात रजेचा प्रकार चुकीचा निवडल्याने गेला. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ कॅज्युअल आहेत आणि त्या तिमाहीला खात्यात जमा करायच्या आहेत, म्हणजे तिमाहीला दोन. १ जुलैला दोन जमा झाल्या असत्या आणि तापाचे दोन दिवस त्यात बसले असते. पीएल तशीच राहून जुलैअखेर ०.७५ अधिक १.५, म्हणजे २.२५ झाली असती.

कॅज्युअल वर्षअखेरीला संपते, पुढे जात नाही. पीएल पुढे जाते. तेव्हा अचानक आलेल्या एक-दोन दिवसांना आधी कॅज्युअल आणि ठरवून घेतलेल्या सुट्टीला पीएल हा क्रम बरा. कॅज्युअल सलग किती दिवस चालते याला कंपन्यांनी मर्यादा घातलेली असते, ती बघून घ्या.

दिवाळीत मी २० ला आणि २३-२४ ला रजा घेतली. मधल्या दोन सुट्ट्याही रजेत धरल्या तर?

याला सँडविच नियम म्हणतात: दोन्ही बाजूंना रजा असेल तर मधली सुट्टीही रजाच. उदाहरणातल्या कंपनीत तो नाही. असता तर तीनऐवजी पाच दिवस मोजले गेले असते. हातात ३.६८ होते, म्हणून ३.५ पीएल आणि १.५ बिनपगारी. उरलेल्या ०.१८ मध्ये त्या महिन्याची जमा १.४३ मिळवून ऑक्टोबरअखेर १.६१, वर दीड दिवसाचा पगार गेला. १८-१९ आणि २५-२६ चे शनिवार-रविवार मात्र सुटले, कारण ते रजेच्या मधे नसून टोकांना आहेत.

नियम लागू असेल तर २० तारखेला ऑफिसला जाऊन या. मग एका बाजूला रजा उरत नाही, मधल्या सुट्ट्या मोकळ्या होतात आणि हिशोबात फक्त २३-२४ राहतात. कारखाना कायदा, १९४८ मध्ये मात्र वार्षिक पगारी रजेच्या मधे किंवा टोकांना येणाऱ्या सुट्ट्या रजेत धरायच्या नाहीत असंच म्हटलं होतं. त्यामुळे चाकण-भोसरीकडच्या कारखान्यांतला कामगार आणि आयटी ऑफिसातला कर्मचारी यांचा याबाबतीतला अनुभव वेगळा असतो.

न कळवता राहिलेला दिवस नंतर पीएलमध्ये बदलून मिळतो का?

मिळतो, पण मुदतीत. पोर्टलवर त्याला रेग्युलरायझेशन म्हणतात. मागच्या तारखेचा अर्ज टाकायचा, कारण लिहायचं आणि हजेरी बंद व्हायच्या तारखेआधी मॅनेजरची मंजुरी घ्यायची. अर्ज तुम्ही वेळेत टाकला आणि मॅनेजरने तो तसाच ठेवला, तरी दिवस बिनपगारीच राहतो. तेव्हा अर्ज टाकून गप्प बसू नका, मंजुरी पडली का ते बघा.

आपल्या कर्मचाऱ्याने १० नोव्हेंबरचा अर्ज त्याच आठवड्यात मंजूर करून घेतला असता तर पीएलमधून १ गेला असता, जमा पूर्ण १.५ झाली असती आणि शिल्लक २.१८ वजा १ अधिक १.५, म्हणजे २.६८ दिसली असती. ३.६३ पेक्षा कमी, पण एका दिवसाचा पगार वाचला असता.

आणि एका दिवसाचा पगार म्हणजे किती, हेही कंपनीवर आहे. महिन्याला ३१,००० रुपये असतील आणि ३१ ने भागत असतील तर १,००० रुपये. २६ ने भागत असतील तर सुमारे १,१९२. शिल्लक तुटपुंजी असताना सुट्टी ठरवण्याआधी हा भाजक विचारून घेतलेला बरा.

प्रोबेशनमध्ये रजा जमते का?

इथे दोन गोष्टींची गल्लत होते: रजा जमणं वेगळं आणि वापरता येणं वेगळं. काही कंपन्यांत पहिल्या दिवसापासून जमते आणि वापरताही येते, आपलं उदाहरण तसंच आहे. काही ठिकाणी जमते पण कन्फर्म होईपर्यंत कुलूपबंद असते. तिथे सहा महिन्यांचं प्रोबेशन १५ डिसेंबरला संपणार, म्हणजे दिवाळीचे तिन्ही दिवस बिनपगारी गेले असते, खात्यात रजा दिसत असूनही. आणि काही ठिकाणी कन्फर्म झाल्यावरच जमायला लागते.

ऑफर लेटरमध्ये "प्रोबेशननंतर रजेस पात्र" एवढंच लिहिलं असेल तर त्याचा अर्थ दुसरा की तिसरा हे कळत नाही. रुजू होण्याआधीच मेलवर विचारा: "प्रोबेशनमधली रजा कन्फर्म झाल्यावर मागच्या तारखेपासून मिळते का?" नऊ दिवसांचा प्रश्न आहे.

कायद्यात महिन्याला दीड रजा लिहिली आहे का?

नाही. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा कामाच्या दिवसांवर मोजतो: एका कॅलेंडर वर्षात २४० दिवस काम केलं, तर पुढच्या वर्षी दर २० दिवसांच्या कामाला एक दिवस रजा. बरोबर २४० दिवस भरले तर १२ होतात. ही रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते.

१६ जून ते ३१ डिसेंबर हे रविवार धरूनही १९९ दिवसच भरतात. म्हणजे जूनमध्ये रुजू झालेला माणूस त्या वर्षी या अटीत बसूच शकत नाही. पहिल्या वर्षी मिळणारे दरमहा दीड दिवस कंपनीच्या पॉलिसीतून येतात, म्हणून वाद झाला तर आधी नेमणूक पत्र आणि पॉलिसी उघडायची. केंद्राची कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, त्यात वार्षिक रजेसाठी अट १८० दिवसांची आहे आणि दर मात्र तोच, वीस दिवसांना एक. जुनी पॉलिसी हाती असेल तर २४० चा आकडा बदलला आहे का, ते एचआरला विचारा.

हे एक्सेलमध्ये कसं मांडायचं?

दर महिन्याला एक ओळ. A मध्ये महिन्याची पहिली तारीख, B मध्ये सुरुवातीची शिल्लक, C मध्ये पगारपत्रकावरचे दिवस, D मध्ये बिनपगारी, E मध्ये महिन्याचे दिवस, F मध्ये जमा, G मध्ये वापरलेली पीएल, H मध्ये अखेरची शिल्लक.

```
E2:  =DAY(EOMONTH(A2,0))
F2:  =ROUND(1.5*(C2-D2)/E2,2)
H2:  =B2-G2+F2
B3:  =H2
```

C मध्ये जूनला १५ आणि पुढे पूर्ण महिन्याचे दिवस भरा, बिनपगारी दिवस तिथे वजा करू नका. ते D मध्ये आहेत, नाहीतर दोनदा वजा होतात. G चा आकडा B पेक्षा मोठा झाला की समजा, तुम्ही अजून न जमलेली रजा खर्च करताय. जास्तीचा भाग D मध्ये हलवा. कंपनी पहिल्या तारखेला रजा जमा करत असेल तर G ची तुलना B अधिक F शी करा.

नोव्हेंबरअखेर नोकरी सोडली तर या ३.६३ चं काय होतं?

फुल अँड फायनलमध्ये त्याचे पैसे होतात. दिवसाचा दर बहुतेक ठिकाणी मूळ पगारावर काढतात, पूर्ण पगारावर नव्हे, त्यामुळे रक्कम अपेक्षेपेक्षा कमी दिसते. काही कंपन्या अपूर्णांक सोडून ३ किंवा ३.५ धरतात. नोटीस काळातही तुम्ही पगारपत्रकावर असता, म्हणून त्या दिवसांची रजा प्रमाणात जमलीच पाहिजे. शेवटचा दिवस १५ डिसेंबर असेल तर १.५ गुणिले १५ भागिले ३१, म्हणजे आणखी ०.७३, एकूण ४.३६. सेटलमेंटच्या कागदावर नेमकी हीच शेवटच्या महिन्याची जमा बऱ्याचदा राहून जाते, कारण महिना पूर्ण न झाल्याने सिस्टीमने ती टाकलेलीच नसते. सही करण्याआधी एवढी एक ओळ शोधा.